मॉनिटरवरची अक्षरं पुसट दिसतात? मूळ रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेट परत आणताना

आधी लक्षणं

अक्षरं वाचता येतात, पण त्यांच्या कडा कापसासारख्या दिसतात. चष्मा पुसावासा वाटतो, मॉनिटरची काच पुसावीशी वाटते, आणि दोन्ही पुसून फरक पडत नाही. गंमत म्हणजे फोटो आणि व्हिडिओ ठीक दिसतात, त्रास फक्त मजकुरात. मराठी मजकूर असेल तर खूण आणखी पक्की: एका ओळीची शिरोरेषा काळी आणि कडक, खालच्या ओळीची जाडसर पण राखाडी, आणि फॉन्ट, आकार, रंग सगळं तेच.

याच्या जोडीला कधी आयकॉन अचानक मोठे झालेले असतात, गोल चिन्हं आडवी ताणून अंड्यासारखी दिसतात, किंवा माउसचा बाण हाताच्या मागे राहतो आणि खिडकी ओढताना अडखळते. आणखी एक लक्षण म्हणजे काल नीट केलेलं आज सकाळी पुन्हा बिघडलेलं. हे शेवटचं असेल तर पुढचा केबलचा भाग नीट वाचा, कारण सेटिंग कितीदाही बदललंत तरी ते टिकणार नाही.

मी ऑफिसं, झेरॉक्सची दुकानं आणि डीटीपीवाल्यांकडचे कॉम्प्युटर सांभाळतो. ही तक्रार वर्षभर येते, लग्नसराईत जास्त, कारण पत्रिका जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांवर तेव्हा सगळ्यात जास्त ताण असतो. एका दुकानात तर प्रूफ छापून आल्यावर कळलं की "चि. सौ. कां." मधल्या "कां" वरचा अनुस्वार राहिलाय. जुळवणाऱ्या ताई म्हणाल्या, "अहो, स्क्रीनवर तो होता का नव्हता हेच मला सांगता येत नाही." त्यांचं खरं होतं. लहान अक्षरात अनुस्वार म्हणजे दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका. तो आजूबाजूच्या पांढऱ्यात विरघळला की असून नसल्यासारखा. पुढे याच दुकानाचं उदाहरण घेतो, कारण तिथे एकात एक असे तीन दोष निघाले.

असं का होतं

जुन्या डब्याच्या मॉनिटरला ठरलेले पिक्सेल नव्हते, त्यामुळे कोणतंही रिझोल्युशन दिलं तरी चालायचं. आताच्या सपाट मॉनिटरमध्ये पिक्सेलांची घरं कारखान्यातच ठरतात. 1920×1080 चा मॉनिटर म्हणजे आडवी 1920 आणि उभी 1080 घरं, एकही कमी-जास्त नाही. हेच त्याचं मूळ रिझोल्युशन. कॉम्प्युटरने 1600×900 चं चित्र पाठवलं तर ते ताणून एवढ्या घरांत बसवावंच लागतं.

ताण किती? 1920 भागिले 1600 म्हणजे 1.2 पट. म्हणजे चित्राच्या पाच ओळी मॉनिटरच्या सहा ओळींवर पसरतात. आता एक पिक्सेल जाडीची शिरोरेषा घ्या. पाचांपैकी पहिल्या ओळीवर ती आली तर एक घर पूर्ण काळं आणि शेजारचं जेमतेम मळकट, म्हणजे रेषा बऱ्यापैकी ठळक. पण तिसऱ्या ओळीवर आली तर दोन घरांत अर्धी-अर्धी वाटली जाते, दोन्ही राखाडी. एक ओळ कडक आणि दुसरी पुसट दिसते ती या हिशेबामुळे. फोटोत शेजारचे पिक्सेल मुळातच एकमेकांसारखे असतात म्हणून तिथे हे खपून जातं. काळ्या-पांढऱ्या अक्षरांत खपत नाही.

पहिली तपासणी: दोष मॉनिटरकडे आहे की प्रोग्राममध्ये?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. पुसट मजकूर समोर असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून झूम करून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या चित्रातल्या पुसटपणावर आपण भलताच निष्कर्ष काढू.

स्क्रीनशॉट कॉम्प्युटरने आतल्या आत रंगवलेल्या चित्राचा असतो, मॉनिटरच्या काचेचा नाही. मोबाइलवर अक्षरं स्वच्छ दिसली तर प्रोग्राम निर्दोष आहे आणि चित्र पुढे कुठेतरी ताणलं जातंय. स्क्रीनशॉटमध्येही पुसट दिसली, आणि तीही एकाच प्रोग्राममध्ये, तर रिझोल्युशनला हात लावू नका. अक्षरं-आयकॉन मोठे करणाऱ्या विंडोजच्या स्केल सेटिंगला तो जुना प्रोग्राम जुळवून घेत नाहीये, म्हणून विंडोज त्याचं चित्र स्वतः फुगवतंय. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, Properties, Compatibility, Change high DPI settings, आणि तिथे Override high DPI scaling behavior ला खूण करून Application निवडा. अक्षरं स्वच्छ होतील, पण प्रोग्रामची बटणं बारीक होण्याची शक्यता आहे. जुन्या हिशेबाच्या आणि डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बरेचदा दिसतं.

दुसरी तपासणी: तीन आकडे

एक, मॉनिटरचं मूळ रिझोल्युशन. खोक्यावर, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून, किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल. "सपोर्ट करतो" असं लिहिलेला आकडा धरू नका, पॅनेलचा धरा. अंदाजासाठी: साडेअठरा इंची मॉनिटर बहुधा 1366×768, साडेएकोणीस-वीस इंची बरेचदा 1600×900, साडेएकवीस ते चोवीस इंची बहुतेक 1920×1080. सत्तावीस इंचीत 1920×1080, 2560×1440 आणि 3840×2160 असे तिन्ही असतात, तिथे अंदाज चालत नाही.

दोन, मॉनिटरला येणारा सिग्नल. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी मेनू उघडा. Information अशा नावाच्या पानावर आत येणारं रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येतं तो हर्ट्झमधला आकडा, दिसतो.

तीन, विंडोजचा डेस्कटॉप किती आहे. Settings, System, Display, Advanced display. विंडोज 11 मध्ये इथे Desktop mode आणि Active signal mode असे दोन आकडे शेजारी असतात. विंडोज 10 मध्ये हेच Desktop resolution आणि Active signal resolution या नावांनी आहेत.

दोनच आकडे पाहून थांबणारा फसतो, आणि पूर्वी मीही फसलोय. मॉनिटरचा मेनू 1920×1080 सांगतो, मॉनिटरही 1920×1080 चाच, मग सगळं बरोबर असणार! पण डेस्कटॉप 1600×900 असतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर मॉनिटरकडे पाठवण्याआधी स्वतःच तो ताणून 1920×1080 करतो. ताणायचं काम मॉनिटरऐवजी कॉम्प्युटरने केलं एवढाच फरक, अक्षरं तेवढीच पुसट. तिन्ही आकडे एक असतील तरच चित्र ताणलं जात नाही.

तिसरी तपासणी: सेटिंग कोणी बदललं का?

पत्रिकेच्या दुकानात पहिल्या दिवशी डेस्कटॉप 1600×900 निघाला. मॉनिटर बावीस इंची, मूळ 1920×1080. मालकांना अक्षरं बारीक वाटत होती, म्हणून त्यांनी एका रविवारी येऊन रिझोल्युशन कमी केलं होतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. घरी आजोबांसाठी, बँकेच्या कामासाठी, कोणीतरी अक्षरं मोठी करायला रिझोल्युशन खाली आणतं. अक्षरं मोठी होतात आणि पुसटही.

Settings, System, Display मध्ये Display resolution च्या यादीत ज्या आकड्यापुढे (Recommended) लिहिलंय तो निवडा. विंडोज विचारेल की बदल ठेवायचा का. 15 सेकंदांत Keep changes दाबलं नाही तर आधीचं सेटिंग आपोआप परत येतं. म्हणून पडदा काळा झाला किंवा मॉनिटरवर "Out of Range" आलं तर घाबरून बटणं दाबू नका, 15 सेकंद हात बांधून बसा.

आता अक्षरं बारीक वाटतील. त्यासाठी त्याच पानावर Scale आहे, तो 125% करा. स्केल वाढवल्यावर विंडोज प्रत्येक अक्षर जास्त पिक्सेल वापरून नव्याने रेखाटतं. रिझोल्युशन कमी केल्यावर मात्र लहान काढलेलं अक्षर फुगवलं जातं. मालकांना मी दोन्ही करून दाखवलं. 125% वर त्यांची "आमचे येथे श्री कृपेकरून" ही ओळ आधीइतकीच मोठी होती, आणि "श्री" चा पाय तुटक दिसत नव्हता. काही प्रोग्राम साइन आउट करून परत आल्याशिवाय नवा स्केल घेत नाहीत, तेवढं करा.

मॉनिटरच्या मेनूतलं Sharpness वाढवून पुसटपणा जाईल अशी आशा ठेवू नका. त्याने अक्षरांभोवती पांढरी कड येते आणि अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात. कोणी वाढवून ठेवलं असेल तर कारखान्याच्या आकड्यावर परत आणा.

चौथी तपासणी: ड्रायव्हर

यादीत मूळ रिझोल्युशनच नसेल तर Device Manager उघडा आणि Display adapters खाली काय नाव आहे ते पाहा. Microsoft Basic Display Adapter असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर किंवा एखादं अपडेट अर्धवट राहिल्यावर हे होतं. या कामचलाऊ ड्रायव्हरवर रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेट बदलायला फारसा वाव नसतो. लॅपटॉप असेल तर त्याच्या कंपनीच्या साइटवरून, सुट्या भागांतून जोडलेला पीसी असेल तर ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा, त्यातून आलेली भलतीच पाहुणी मंडळी काढण्यात माझे कित्येक तास गेलेत.

ड्रायव्हर आहे पण झोपेतून उठल्यावर चित्र बिघडलंय, अशा वेळी Win+Ctrl+Shift+B एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत.

लिनक्सवाल्या शाळांच्या लॅबमध्ये हेच टर्मिनलवर पाहता येतं:

```
xrandr
xrandr --output HDMI-1 --mode 1920x1080 --rate 60
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात ज्या आकड्यापुढे `+` आहे तो मॉनिटरने सुचवलेला, आणि `*` आहे तो सध्या चालू असलेला. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी हव्यात. `HDMI-1` च्या जागी तुमच्या उत्तरात आलेलं नाव लिहा. वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपला दुसरी आज्ञा लागू होत नाही, तिथे सेटिंगच्या पानावरूनच बदला.

पाचवी तपासणी: केबल

सोमवारी दुकानातून पुन्हा फोन. "दादा, सगळं मोठं मोठं दिसतंय, आणि गणपती आडवा झालाय." पत्रिकेवरचा गणपती रुंद दिसत होता, कारण डेस्कटॉप 1024×768 वर आला होता. हे 4:3 चं चित्र 16:9 च्या पडद्यावर ताणलं की वर्तुळाचं अंडं होणारच. यादीत 1920×1080 नव्हतंच, आणि Device Manager मध्ये Monitors खाली Generic Non-PnP Monitor.

या नावाचा अर्थ असा की मॉनिटरने स्वतःची ओळख दिली नाही. प्रत्येक मॉनिटरमध्ये किमान 128 बाइटची एक छोटी नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. माझं मूळ रिझोल्युशन अमुक, मला चालणारे रिफ्रेश रेट तमुक, हे त्यात लिहिलेलं असतं. केबलमधल्या वेगळ्या तारांवरून कॉम्प्युटर ती वाचतो. वाचता आली नाही तर तो जोखीम न घेता कुठल्याही मॉनिटरवर चालेल असं खालचं रिझोल्युशन देतो.

मी ताईंना विचारलं, सकाळी आधी काय चालू करता? त्या म्हणाल्या, आधी सीपीयू, मग चहा सांगते, मग मॉनिटर. इतर दिवशी कॉम्प्युटर रात्रभर चालूच असे, त्यामुळे त्रास नाही. शनिवारी रात्री भिंतीवरचं बटण बंद, आणि सोमवारी हा क्रम. मॉनिटर आधी लावून कॉम्प्युटर चालू केला तर 1920×1080 बरोबर येत होतं.

क्रमावर अवलंबून असलेला दोष म्हणजे जवळजवळ नक्की केबल. त्या दुकानात पंधरा पिनांची निळ्या टोकाची व्हीजीए केबल होती. तिच्यात 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून ओळखीची नोंद वाचली जाते, आणि 9 नंबरच्या पिनेवरून कॉम्प्युटर 5 व्होल्ट देतो. त्या 5 व्होल्टवर बहुतेक मॉनिटरची नोंद मॉनिटर बंद असतानाही वाचता येते. काही स्वस्त केबलमध्ये 9 नंबरची पिनच नसते. मग मॉनिटर स्वतः चालू असेल तरच नोंद मिळते, नाहीतर नाही. केबलचं टोक उजेडात धरून पिना मोजा. तीन ओळींत पाच-पाच हव्यात, मधल्या ओळीत एक खड्डा रिकामा दिसला तर तो बहुधा नऊ नंबरचाच. इथे तो रिकामाच होता. वाकलेली पिन दिसली तर ती सरळ करण्याचा मोह टाळा, तुटून सॉकेटमध्ये अडकली की दीडशेच्या केबलचं काम मदरबोर्डवर जातं.

केबल बदलताना मी व्हीजीएच काढून टाकली. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हीला एचडीएमआय होतं, ते वापरलं. व्हीजीए ॲनालॉग असल्याने मूळ रिझोल्युशनवरही अक्षरं थोडी मऊ दिसू शकतात, कारण येणाऱ्या लहरीत एक पिक्सेल कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. व्हीजीएवरच राहायचं असेल तर मॉनिटरचं Auto किंवा Auto Adjust दाबा, पण त्याआधी मजकुराने भरलेलं पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडा. काळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही आणि जुळणी आणखी बिघडते.

मधे काही जोडलेलं असेल तर तेही काढून बघा. दोन कॉम्प्युटरना एक मॉनिटर लावणारा स्विच, एक चित्र दोन पडद्यांवर देणारा स्प्लिटर, एचडीएमआयवरून व्हीजीए करणारी चिमुकली डबी, या सगळ्या वस्तू मॉनिटरची नोंद पुढे द्यायला विसरतात किंवा स्वतःचीच वेगळी नोंद देतात. सरळ एका केबलने जोडल्यावर दोष गेला तर मधली वस्तू दोषी.

सहावी तपासणी: रिफ्रेश रेट

रिझोल्युशन परत आलं तरी रिफ्रेश रेट आपोआप वर येईल असं नाही. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर 60 वर चालवणारे मी पाहिलेत. Advanced display मध्ये Choose a refresh rate आहे, तिथे सगळ्यात मोठा आकडा निवडा. 59.94 आणि 60 असे दोन्ही दिसले तर 60 घ्या. आपल्या दुकानात व्हीजीएवर 60 च मिळत होते, एचडीएमआयवर त्याच मॉनिटरचे 75 यादीत आले. हा तिसरा दोष, ज्याची तक्रार कोणी केलीच नव्हती.

रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेट यांची जोडीच हवी असेल तर त्याच पानावर Display adapter properties, मग Adapter टॅबमध्ये List All Modes. इथल्या यादीत प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडी. 1920×1080 आहे पण 30 हर्ट्झलाच, किंवा 144 आहेत पण खालच्या रिझोल्युशनला, असं एका नजरेत कळतं.

खरी गोम इथेच आहे: केबलमधून सेकंदाला किती पिक्सेल जाऊ शकतात याला मर्यादा असते आणि रिझोल्युशन व रिफ्रेश रेट दोघांचा खर्च त्यातूनच भागतो. 3840×2160 चा, म्हणजे 4के, मॉनिटर 60 हर्ट्झला चालवायला, चित्राच्या कडेची मोकळी जागा धरून, सेकंदाला 59 कोटी 40 लाख पिक्सेल लागतात. एचडीएमआय 1.4 जास्तीत जास्त 34 कोटी नेतो. म्हणून तिथे 30 हर्ट्झच मिळतात, त्यांना 29 कोटी 70 लाख पुरतात. एचडीएमआय 2.0 ची मर्यादा 60 कोटी, त्यात 60 हर्ट्झ जेमतेम बसतात.

यातून घडतं असं. नवा 4के मॉनिटर जुन्या लॅपटॉपला लावला, माउस अडखळायला लागला. कोणीतरी सांगितलं, रिझोल्युशन 1920×1080 कर, 60 मिळतील. मिळाले, आणि अक्षरं पुसट झाली. बरोबर दुप्पट ताण असल्याने एका पिक्सेलच्या जागी चार घरं स्वच्छ भरता यायला हवीत, पण बरेच मॉनिटर तिथेही कडा मऊ करूनच ताणतात. हा सौदा करण्याआधी कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आहे का बघा. डिस्प्लेपोर्ट 1.2 वरही 4के 60 हर्ट्झला चालतं. तो नसेल तर एचडीएमआयची साखळी तपासा: कॉम्प्युटरचं पोर्ट, केबल आणि मॉनिटरचं पोर्ट, तिन्ही 2.0 च्या लायकीचे हवेत. केबलवर Premium High Speed लिहिलेलं बघा. काही मॉनिटरच्या मेनूतच त्या पोर्टसाठी 1.4 की 2.0 असा पर्याय असतो आणि कारखान्यातून तो 1.4 वर येतो. नवी केबल आणण्याआधी तो बघा, फुकट आहे.

टाइप-सी डॉक वापरणाऱ्यांनाही 30 हर्ट्झ भेटतात, कारण काही डॉक अर्ध्या तारा चित्राला आणि अर्ध्या वेगवान यूएसबीला देतात. काही मॉनिटरच्या मेनूत यातलं कशाला झुकतं माप द्यायचं ते ठरवता येतं.

लॅपटॉपचं पोर्टच 1.4 असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर सेटिंगने काही होणार नाही. मजकुराचं काम असेल तर मी 30 हर्ट्झ घेऊन मूळ रिझोल्युशन ठेवा असं सांगतो. माउसची सवय होते, पुसट अक्षरांची होत नाही.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय?

मग नियम थोडे वेगळे. बत्तीस इंची "एचडी रेडी" टीव्हीचं पॅनेल बहुधा 1366×768 असतं, पण त्याची नोंद 1920×1080 मागते. त्यामुळे विंडोज 1920×1080 (Recommended) दाखवतं आणि टीव्ही ते आवळून बसवतो. शिफारस केलेलंच रिझोल्युशन असूनही अक्षरं पुसट, अशी ही एकमेव नेहमीची जागा. यादीत 1366×768 किंवा 1360×768 असेल तर तो करून बघा. 1360 दिसण्याचं कारण म्हणजे 1366 ला आठने भाग जात नाही आणि नोंदीतले साचे आठच्या पटीत असतात. सहा पिक्सेलांचा फरक काही टीव्ही मधोमध सोडून देतात, काही ताणतात. ताणला तर उभ्या रेषा इथे-तिथे मऊ दिसतील, त्याला इलाज नाही.

पूर्ण एचडी किंवा 4के टीव्हीवर डेस्कटॉपच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्ही चित्र मोठं करून कडा लपवतोय. चित्राच्या आकाराच्या मेनूत Just Scan, Screen Fit असं काहीतरी शोधा. आणि त्या इनपुटचं नाव बदलून PC ठेवा. नुसतं नाव वाटतं, पण अनेक टीव्ही त्यावरून रंग न दाबता दाखवायला लागतात आणि लाल-निळ्या अक्षरांभोवतीची घाण जाते.

झालं का, हे कसं ओळखायचं

डोळ्यांवर विसंबू नका, ते लवकर सवय लावून घेतात. स्केल तात्पुरता 100% करा. पेंटमध्ये 800% झूम करून एक पिक्सेलच्या काळ्या उभ्या रेषा काढा, दोन रेषांत एक पिक्सेल पांढरा सोडून. दहा-बारा झाल्या की कॉपी-पेस्ट करून रुंद पट्टा करा आणि झूम 100% वर आणा. चित्र ताणलं जात नसेल तर सगळा पट्टा एकसारखा बारीक रेघांचा दिसेल. ताणलं जात असेल तर त्यात ठरावीक अंतरावर गडद-फिकट पट्ट्या उमटतील, मच्छरदाणीच्या दोन पदरांतून पाहिल्यासारख्या. 1.2 पट ताणात त्या दर पाच पिक्सेलांच्या हिशेबाने येतात आणि लपत नाहीत. मग आडव्या रेषांवर तेच करा.

पट्टा एकसारखा आहे, तिन्ही आकडे जुळतात, तरीही अक्षरं बोचतात? मग स्टार्ट मेनूत cttune लिहून क्लिअरटाइपचे नमुने निवडा. मॉनिटर उभा फिरवून वापरणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो.

इथे थांबा

मॉनिटरचं मागचं झाकण उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ जबर झटका देऊ शकतात, आणि रिझोल्युशनचा दोष तिथे स्क्रूड्रायव्हर घालून सुटणारा नसतोच. आधी एक साधी अदलाबदल करा: हाच मॉनिटर आणि हीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे मूळ रिझोल्युशन आलं तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये. तिथेही आलं नाही आणि केबल बदलूनही नाही, तर मॉनिटरची नोंद खराब झाली असेल. ती पुन्हा लिहिता येते, पण ते काम सर्व्हिस सेंटरचं, वॉरंटी असेल तर नक्कीच.

पोर्टमध्ये केबल हलवली की चित्र येतं-जातं, प्लग सैल बसतो, किंवा आतली पिन चेपलेली दिसते, तिथेही हात आवरा आणि चिप पातळीवर काम करणाऱ्याकडे जा. उभ्या रंगीत रेघा, अर्धाच पडदा पुसट, कोपऱ्यात काळा डाग, हे पॅनेलचे दोष आहेत, वरचं काहीही करून जाणार नाहीत. वॉरंटी संपलेल्या छोट्या मॉनिटरचं पॅनेल बदलण्याचा भाव आधी विचारा, कारण बरेचदा तो नव्या मॉनिटरच्या जवळ जातो.

आणि ऑफिसचा कॉम्प्युटर असेल, ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल, तर तुमच्या आयटीवाल्याला वरचे तीन आकडे आणि केबलचा प्रकार लिहून पाठवा. "अक्षरं बरोबर दिसत नाहीत" एवढ्यावर तो तुम्हाला रीस्टार्ट करायला सांगेल. "पॅनेल 1920×1080, सिग्नल 1920×1080, डेस्कटॉप 1600×900, एचडीएमआय" असं वाचलं की त्याला जागेवरून उठावंही लागणार नाही.